अडीच वर्षांचं बांधकाम, भावफरकाचं कलम आणि आमचं बजेट (कोल्हापूर)

राजारामपुरीकर | ९ ऑक्टोबर २०२३, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या हिशोब विभागात आहे. बांधकामातलं मला फारसं कळत नाही, पण बिलं माझ्या टेबलावरून जातात, म्हणून विचारते.

संस्थेच्या नव्या इमारतीचं काम १८ कोटींना दिलंय. कार्यादेश ऑक्टोबर २०२२ चा, मुदत ३० महिने. सल्लागारांनी सरकारी नमुन्यावरून निविदा केली, त्यात भावफरकाचं कलम आहे. आता ठेकेदाराने एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीचं भावफरकाचं बिल दिलंय. त्या तिमाहीत काम झालं २ कोटी ४० लाखांचं. ते म्हणतात, कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ५.०३ टक्के वाढला, तेव्हा २ कोटी ४० लाखांवर ५.०३ टक्के, म्हणजे १२ लाख ७ हजार द्या.

खजिनदार म्हणतात, बजेटमध्ये असा काही आकडाच नाही, फक्त ५ टक्के आकस्मिक खर्च धरलाय. मी सुचवलं की दरसाल ६ टक्के धरून अडीच वर्षांचे १५ टक्के, म्हणजे २ कोटी ७० लाख बाजूला ठेवू. त्यावर बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दोन प्रश्न आहेत. हे १२ लाख बरोबर आहेत का? आणि उरलेल्या कामासाठी बजेटमध्ये किती धरायचं?

---

ठेका_आणि_ठोका | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

ताई, द्या की. महागाई काय तुमच्या ठेकेदारानं आणली नाही. मजुराची हजेरी कुठं होती आणि कुठं गेली बघा. सेंट्रिंगवाला आगाऊ घेतल्याशिवाय कामावर उभा राहत नाही. करारात कलम आहे म्हणजे भाववाढ द्यायचीच असते, त्यात विचारायचं काय?

फक्त एक चूक काढीन. सगळ्या रकमेला कामगारांचा निर्देशांक लावत नाहीत, त्याचे भाग पडतात. मजुरीला एक, मालाला घाऊक किमतीचा. पण आकडा इकडचा तिकडं एखाद लाखानं होईल, जास्त नाही.

---

कळंब्याचा_पाहुणा | ९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

आमच्याकडंपण हेच चाललंय! कळंब्यात फ्लॅट घेतलाय, करार रजिस्टर झाला आणि आता बिल्डर म्हणतो सळी-सिमेंट वाढलं, चौरस फुटाला दोनशे जादा द्या. हे निर्देशांक कुठं बघायचे? मला ठेकेदारासारखं मोजून द्यायचं आहे, उगाच जास्त नको.

---

जुना_डेप्युटी | ९ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

कळंब्याचे पाहुणे, तुमचं प्रकरण वेगळं आहे. या धाग्यातलं काही तुम्हाला लागू नाही आणि तुम्हाला काही मोजायचीही गरज नाही. महारेराच्या नमुना करारात फ्लॅटची एकूण किंमत भाववाढमुक्त असते, सक्षम प्राधिकरणाने वाढवलेली शुल्कं तेवढी त्यातून वगळलेली असतात. सळी महागली हे त्यात बसत नाही. तुमच्या करारातलं किमतीचं कलम वाचा आणि बिल्डरला लेखी विचारा की कोणत्या कलमाखाली मागताय.

राजारामपुरीकर ताई, उत्तर द्यायला कलमाचे शब्द लागतील. एवढं इथे टाका: मूळ तिमाही कशी लिहिली आहे, मजुरी-माल-डिझेलचे टक्के किती, कंसाबाहेर ०.७५ सारखा आकडा आहे का, सळी आणि सिमेंटला वेगळा दर आहे का, आणि 'वाढ' एवढंच लिहिलंय की 'वाढ अथवा घट'. शेवटचा शब्द सगळ्यात आधी बघा.

---

राजारामपुरीकर | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

काका, करार काढून बसले. त्यात असं आहे:

कलमात 'वाढ अथवा घट' असंच आहे. मजुरी ३० टक्के, माल ६५, डिझेल ५. तिन्हींना आधी ०.७५ ने गुणायचं. मजुरीला अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक (औद्योगिक कामगार), मालाला घाऊक किंमत निर्देशांक, सर्व वस्तू. डिझेलला मुंबईचा दर. सळी आणि सिमेंट 'स्टार रेट'खाली: सळीचा मूळ दर टनाला ७२,०००, सिमेंटचा ७,०००. चालू दर ठरलेल्या दरपत्रकातून घ्यायचा आणि वापरलेल्या टनांवर पूर्ण फरक. सळी-सिमेंटची मूळ दराने होणारी किंमत कामाच्या रकमेतून वजा करून मगच बाकीचं सूत्र लावायचं.

मूळ तिमाही: 'निविदा स्वीकारण्याचा अंतिम दिनांक ज्या महिन्यात येतो त्या महिन्यापूर्वीची तिमाही'. अंतिम दिनांक आधी १२ जुलै २०२२ होता, शुद्धिपत्रकाने १२ ऑगस्ट झाला.

त्या तिमाहीत मोजमाप पुस्तकाप्रमाणे सळी ११० टन आणि सिमेंट ४०० टन. दरपत्रकातली त्या तिमाहीची सरासरी सळी ६१,५००, सिमेंट ७,२००.

---

ऑडिट_आलं | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१५

सळी ७२ वरून साडेएकसष्ट. ठेकेदाराच्या बिलात सळीची ओळ आहे का?

---

राजारामपुरीकर | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२२

नाही. एकच ओळ आहे, मगाशी लिहिली ती.

---

जुना_डेप्युटी | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. सावकाश वाचा, यात अवघड काही नाही.

आधी सळी-सिमेंट बाजूला काढू. ११० टन गुणिले ७२,००० म्हणजे ७९ लाख २० हजार. ४०० टन गुणिले ७,००० म्हणजे २८ लाख. हे २ कोटी ४० लाखांतून वजा केले की उरतात १ कोटी ३२ लाख ८० हजार. मजुरी, माल, डिझेलचं सूत्र फक्त एवढ्याच रकमेवर चालतं. ठेकेदाराने पूर्ण २ कोटी ४० लाख धरले, इथेच पहिली मोठी गडबड झाली.

मूळ तिमाही सध्या एप्रिल ते जून २०२२ धरतो. त्यावर वाद होऊ शकतो, ते नंतर. त्या तिमाहीत कामगारांचा निर्देशांक होता १२७.७, १२९.० आणि १२९.२, सरासरी १२८.६३. एप्रिल ते जून २०२३ मध्ये १३४.२, १३४.७, १३६.४, सरासरी १३५.१०. वाढ ५.०३ टक्के. ठेकेदाराचा हा आकडा अगदी बरोबर आहे.

```
मजुरी: ०.७५ × ०.३० × १,३२,८०,००० × ५.०३%  = + १,५०,३००
```

आता माल. घाऊक निर्देशांक २०२२ च्या त्या तिमाहीत १५२.३, १५५.०, १५५.४ होता, सरासरी १५४.२३. एका वर्षाने १५१.१, १४९.४, १४८.९, सरासरी १४९.८०. म्हणजे २.८७ टक्के खाली. वर्तमानपत्रात तेव्हा बातम्या होत्या की घाऊक महागाई शून्याखाली गेली. बाजारात टोमॅटो शंभरावर जात असताना ती बातमी वाचून लोक हसत होते. पण आपल्या कलमाला टोमॅटोचं काही पडलेलं नाही, त्यात जो निर्देशांक लिहिलाय तोच चालतो.

```
माल:   ०.७५ × ०.६५ × १,३२,८०,००० × (−२.८७%) = − १,८५,८००
```

डिझेल २२ मे २०२२ ला केंद्राने आणि जुलैत राज्याने कर कमी केल्यामुळे मुंबईत ९४.२७ वर आलं आणि तिथेच थांबलं. मूळ तिमाहीची सरासरी १०१ च्या आसपास पडते. सुमारे सात टक्के घट, म्हणजे ३४ हजार वजा.

तिन्ही मिळून वजा ७० हजारांच्या आसपास. आता सळी:

```
सळी:    ११० × (६१,५०० − ७२,०००) = − ११,५५,०००
सिमेंट:  ४०० × (७,२०० − ७,०००)   = +    ८०,०००
```

एकूण झाले वजा ११ लाख ४५ हजार. ठेकेदार १२ लाख ७ हजार मागतोय आणि करार म्हणतो त्याच तिमाहीच्या बिलातून साडेअकरा लाख कापा. दोन आकड्यांत साडेतेवीस लाखांचं अंतर आहे.

ठोकाभाऊ, एखाद लाखाचा फरक म्हणालात ना?

---

ठेका_आणि_ठोका | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

डेप्युटी साहेब, हिशोब बघितला. पण ०.७५ कशाला? आमचा पाव हिस्सा सरळ गिळायचा? आणि सळी घाऊक निर्देशांकात आधीच आहे, मग वेगळी कशाला काढायची? सगळं एकत्रच ठेवा, सरळ पडतं.

---

जुना_डेप्युटी | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५५

०.७५ म्हणजे फरकाचा पाव भाग ठेकेदाराने सोसायचा. पण घट असते तेव्हा तोच आकडा तुमच्या बाजूने काम करतो. वर मालाची कपात एक लाख ८६ हजार आली, ०.७५ नसता तर दोन लाख ४८ हजार आली असती. सळीला हा गुणक नाही, तिथे वाढ-घट पूर्ण शंभर टक्के.

सळी घाऊक निर्देशांकात आहे हे तुमचं खरं. पण त्यात तिचं वजन फार थोडं, बाकी अन्नधान्यापासून कापडापर्यंत सगळं भरलेलं. इमारतीच्या सांगाड्याच्या काळात बिलाचा तिसरा हिस्सा सळीचा असतो. २०२१ मध्ये सळी उसळली तेव्हा सर्व वस्तूंच्या निर्देशांकावर भरपाई मिळणारे ठेकेदार मेटाकुटीला आले होते. सळी वेगळी काढा ही मागणी तेव्हा तुमच्याच लोकांची होती.

आणि वेगळी काढली की रकमेतून वजाही करायची. नाहीतर एकाच सळीवर दोनदा भावफरक निघतो. बिल तपासताना मी आधी तेच बघायचो.

---

शिरोली_फाउंड्री | १० ऑक्टोबर, सकाळी ९:१५

बांधकाम आपला विषय नाही, पण हा खेळ आम्ही रोज खेळतो. कास्टिंगच्या दरात पिग आयर्न आणि भंगाराचा मूळ दर ठरलेला असतो, तिमाहीला फरक निघतो. वाढला की गिऱ्हाईक तीन महिने उशिरा देणार, उतरला की पुढच्या सोमवारी मेल येणार, ही गोष्ट वेगळी.

विचारायचं हे होतं, की ताईंच्या करारात सळीचा ७२,००० हा दर कुठून आला? कारण २०२२ मध्ये मे अखेरीस सरकारने पोलादावर निर्यात शुल्क लावलं आणि भाव महिन्याभरात कोसळले. एप्रिलचा भाव आणि ऑगस्टचा भाव यांचा काही संबंध नव्हता. निविदा भरली ऑगस्टमध्ये आणि मूळ दर एप्रिल-जूनचा, असं असेल तर ठेकेदार अडकलाय.

---

ठेका_आणि_ठोका | १० ऑक्टोबर, सकाळी ९:४०

आता बोललास मर्दा! नेमकं हेच. ऑगस्टात सळी दहा-बारा हजारांनी उतरली होती. ठेकेदारानं दर काढला तो एकसष्ट-बासष्ट धरून. आज साडेएकसष्टनं घेतोय. त्याला एक रुपया फायदा झाला नाही आणि तुम्ही टनामागं साडेदहा हजार कापणार? हा कुठला न्याय?

---

राजारामपुरीकर | १० ऑक्टोबर, सकाळी ११:३०

बघितलं. ७२,००० हा एप्रिल ते जून २०२२ च्या दरपत्रकातून घेतलेला आहे, निविदेत छापलेला. शुद्धिपत्रकात फक्त तारीख बदलली, दर तसाच राहिला.

आता मलाच वाईट वाटायला लागलंय.

---

जुना_डेप्युटी | १० ऑक्टोबर, दुपारी २:१०

फाउंड्रीवाल्यांनी नस बरोबर पकडली. या प्रकरणात विचार करण्यासारखी हीच एक जागा आहे.

ठेकेदाराची बाजू मी नाकारत नाही. पण मूळ दर निविदेत छापलेला होता आणि सगळ्यांना दिसत होता. ज्याने कलम वाचलं त्याला कळायला हवं होतं की बाजार बासष्ट असताना मूळ दर बहात्तर आहे, म्हणजे आपल्याला टनाला दहा हजारांची कपात बसणारच. तेव्हा एकतर निविदापूर्व बैठकीत प्रश्न विचारायचा, नाहीतर तेवढी रक्कम आपल्या दरात घालायची. कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या निविदाधारकाने ती घातली असेल आणि म्हणूनच त्याचा दर जास्त पडला असेल. आज मूळ दर बदलून दिला तर त्या माणसावर अन्याय होतो.

सल्लागाराचाही इथे हलगर्जीपणा आहे. तारीख महिन्याने पुढे ढकलली की मूळ दराकडे पुन्हा बघायला हवं, विशेषतः त्या वर्षी.

---

ऑडिट_आलं | १० ऑक्टोबर, दुपारी ३:००

डेप्युटी साहेबांशी सहमत, एक भर. संस्था खाजगी असली तरी विश्वस्त आहे. मूळ दर आपसात बदलला तर धर्मादाय कार्यालयाकडे जाणाऱ्या लेखापरीक्षण अहवालात त्यावर शेरा येऊ शकतो. बदल करायचाच असेल तर विश्वस्तांचा सकारण ठराव हवा, तोंडी समजूत नको.

दुसरं, मूळ तिमाहीचे शब्द. 'त्या महिन्यापूर्वीची तिमाही'. अंतिम दिनांक जुलैत असता तर वाद नव्हता. ऑगस्ट झाल्यावर दोन अर्थ निघतात: कॅलेंडरप्रमाणे एप्रिल-जून, किंवा लगतचे तीन महिने मे-जून-जुलै. दुसरा अर्थ घेतला तर कामगार निर्देशांकाची मूळ सरासरी १२९.३७ होते आणि घाऊकची १५४.८०. मजुरीतली वाढ ५.०३ वरून ४.४३ टक्क्यांवर येते, मालातली घट २.८७ वरून ३.२३ वर जाते. या तिमाहीत मजुरी आणि माल मिळून ठेकेदाराला आणखी ४० हजारांच्या आसपास फटका बसतो. ३० महिन्यांत ही रक्कम लहान राहत नाही.

---

जुना_डेप्युटी | १० ऑक्टोबर, दुपारी ३:२५

मी नोकरीत कायम कॅलेंडर तिमाहीच धरली. तिमाही म्हटलं की एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर अशीच.

---

ऑडिट_आलं | १० ऑक्टोबर, दुपारी ३:४०

आणि मी लगतचे तीन महिने धरलेली बिलं मंजूर झालेली पाहिली आहेत. करारात व्याख्या नसेल तर दोघेही बरोबर आहोत, हीच अडचण आहे. ताई, पहिल्याच भावफरक बिलावर दोन्ही पक्षांच्या सहीने कोणती तिमाही ते लिहून घ्या. दहाव्या बिलाला भांडण्यापेक्षा बरं.

जाता जाता, ज्यांचे करार २०२० च्या आधीचे आहेत त्यांच्यासाठी: ऑगस्ट २०२० ला कामगारांचा निर्देशांक ३३८ होता आणि सप्टेंबरला ११८.१. महागाई कोसळली नव्हती, पायाभूत वर्ष २००१ चं २०१६ झालं. नवा आकडा २.८८ ने गुणून मग तुलना करायची. हे न गुणता केलेलं, मजुरीत ६० टक्क्यांहून जास्त कपात दाखवणारं एक बिल माझ्यासमोर आलं होतं. ठेकेदार बिचारा रडकुंडीला आला होता.

---

राजारामपुरीकर | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कळलं, पचायला वेळ लागेल. खजिनदारांना सांगितलं तर ते खूष झाले, म्हणाले, "म्हणजे भाववाढीचं काही धरायलाच नको, उलट पैसे परत येतायत. ते अकरा लाख सभागृहाच्या खुर्च्यांना वापरू."

हे बरोबर आहे का? मला धाकधूक वाटतेय. आणि माझे २ कोटी ७० लाख तर हास्यास्पदच ठरले.

---

जुना_डेप्युटी | १० ऑक्टोबर, रात्री ९:२०

खजिनदारांना खुर्च्यांवरून उठवा आधी.

ताई, तुमचा आकडा मोठा होता, पण धरायला हवं हे तुमचं बरोबर होतं. चूक एवढीच की सरसकट टक्का लावला. कलमात चार-पाच वेगवेगळ्या दोऱ्या आहेत, प्रत्येक आपापल्या दिशेने ओढते. म्हणून उरलेल्या कामावर प्रत्येक दोरीचा एक टक्का किंवा एक हजार रुपये म्हणजे किती, हे काढून ठेवायचं. मग अंदाज कोणाचाही असो, बैठकीत दोन मिनिटांत आकडा सांगता येतो.

त्यासाठी किती काम, किती सळी आणि किती सिमेंट उरलंय ते सांगा.

---

राजारामपुरीकर | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

साइट इंजिनियरकडून घेतलं. जून अखेर ५ कोटी २० लाखांचं काम झालं, उरलं १२ कोटी ८० लाखांचं. सळी साधारण ३४० टन, सिमेंट १,३०० टन. सळी जवळजवळ सगळी पुढच्या वर्षभरात लागेल, नंतर फिनिशिंग.

---

जुना_डेप्युटी | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

छान. सळी-सिमेंटची मूळ दराने किंमत ३ कोटी ३६ लाख होते. ती वजा केली की सूत्राखाली येणारी रक्कम साडेनऊ कोटींच्या आसपास.

आता दोऱ्या मोजू. मजुरीचा निर्देशांक मूळ तिमाहीपेक्षा एक टक्का वर असेल तर साडेनऊ कोटींवर २ लाख १४ हजार. घाऊक निर्देशांक एक टक्का वर असेल तर ४ लाख ६३ हजार. सळी टनाला हजार रुपये हलली तर ३ लाख ४० हजार. डिझेल आणि सिमेंटचं मिळून पाचेक लाख धरून चाला.

आता वाईट चित्र मांडा. उरलेल्या काळात मजुरी मूळपेक्षा सरासरी १२ टक्के वर, घाऊक ८ टक्के वर, आणि सळी पुन्हा उसळून ७८,०००. पावणेसव्वीस लाख, सदतीस लाख, वीस लाख ४० हजार आणि ते पाच. बेरीज ८८ लाख. भावफरक हा कामाच्या मूल्याचाच भाग असल्याने त्यावरही १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा एक कोटी चार लाख. तुमच्या २ कोटी ७० लाखांच्या निम्म्याहून कमी, पण शून्य नक्कीच नाही.

मधलं चित्र: मजुरी ८ टक्के वर, घाऊक ४ टक्के वर, सळी सरासरी ६७,०००. सतरा लाख अधिक साडेअठरा लाख वजा सतरा लाख. सुमारे १९ लाख, डिझेल-सिमेंटचे पाच धरले तर २४. जीएसटीसह २८.

आता खुर्च्यांचं. सळी लागते सांगाड्याच्या काळात, म्हणून कपात सगळी सुरुवातीला दिसणार. पुढे फरशी, प्लास्टर, वायरिंग, रंग सुरू झालं की सळी संपलेली असते आणि मजुरीचा निर्देशांक तेव्हा मूळ तिमाहीपासून सगळ्यात लांब गेलेला असतो. शेवटच्या वर्षाची बिलं अधिकच्या बाजूला असतील. आज कापलेले अकरा लाख तेव्हा लागणार आहेत. ते भावफरकाच्या वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि ५ टक्के आकस्मिक निधीत मिसळू नका. आकस्मिक निधी पाया खोदताना खडक लागला, नकाशा बदलला, यासाठी असतो.

---

शिरोली_फाउंड्री | ११ ऑक्टोबर, दुपारी १:०५

ताई, हे आकडे दर तिमाहीला नव्याने काढा. उरलेलं काम कमी होतं तसा प्रत्येक टक्क्याचा भार हलका होतो. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला एकदाच काढून भिंतीवर लावायचो, सप्टेंबरपर्यंत त्याचा उपयोग संपलेला असायचा.

---

ठेका_आणि_ठोका | ११ ऑक्टोबर, दुपारी २:३०

काम लांबलं तर? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरात शिरोलीपाशी हायवे बंद झाला होता, माझे सिमेंटचे ट्रक पलीकडं अडकून पडले होते. त्या महिन्यांचं कोण देणार?

---

जुना_डेप्युटी | ११ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

पुराने लांबलं आणि मुदतवाढ बिनदंड मंजूर झाली, तर त्या काळातला भावफरक चालू राहतो. ठेकेदाराच्या दिरंगाईने लांबलं तर बहुतेक करारांत मूळ मुदतीच्या शेवटच्या निर्देशांकावर गाडी थांबवतात. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक पत्रात कारण आणि दिवस लिहिलेले हवेत. 'विविध अडचणींमुळे' असं मोघम पत्र पुढे भावफरकाच्या बिलात आडवं येतं. ताई, तुमच्या करारात याचं वेगळं उपकलम असेल, ते बघा.

बजेटच्या बाजूने सांगतो, सहा महिने काम लांबलं तर माझ्या वरच्या वाईट चित्रातले आकडेही अपुरे पडू शकतात.

---

ऑडिट_आलं | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:००

घाऊक निर्देशांक आधी तात्पुरता येतो, अंतिम आकडा साधारण दहा आठवड्यांनी. बिल तात्पुरत्यावर काढलं असेल तर तसा शेरा मारा आणि पुढच्या बिलात फरक समायोजित करा.

कपात चालू देयकातच दाखवा, म्हणजे ठेकेदार कमी रकमेचंच बीजक देईल. आधीच्या दोन तिमाहींची बीजकं निघून गेली असतील तर त्यांना क्रेडिट नोट लागेल. त्या दोन तिमाहींचा भावफरक काढलाय का कोणी?

---

राजारामपुरीकर | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

नाही काढला. ठेकेदाराने मागितला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता कळतंय त्याने का मागितला नसेल.

---

ठेका_आणि_ठोका | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४५

😄 एवढं नका खोलात जाऊ.

---

कळंब्याचा_पाहुणा | ११ ऑक्टोबर, रात्री ८:१०

डेप्युटी काका, करारात खरंच भाववाढमुक्त लिहिलंय. बिल्डरला लेखी विचारलं, अजून उत्तर नाही. फोन मात्र बंद झाले.

---

राजारामपुरीकर | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

बैठक झाली. भावफरकाचं स्वतंत्र शीर्ष मंजूर झालं, एक कोटींचं. खुर्च्या बारगळल्या. मूळ तिमाहीबद्दल ठेकेदाराने एप्रिल-जूनला लेखी मान्यता दिली, त्यात त्याचाच थोडा फायदा आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं.

सळीवर मात्र अडलंय. तो म्हणतो ७२,००० चा मूळ दर मान्य नाही, त्याने वकिलामार्फत पत्र दिलंय की शुद्धिपत्रकाने तारीख बदलली तेव्हा दरही ऑगस्टचा धरायला हवा होता. दोन विश्वस्तांना ते पटतंय, तिघांना नाही. लवादाचं कलम करारात आहे. तोपर्यंत साडेअकरा लाख कापून वेगळे धरून ठेवलेत. आधीच्या दोन तिमाहींची सळी आता मोजमाप पुस्तकातून काढायला घेतलीय.

---

जुना_डेप्युटी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:००

निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त शोधा. ऑगस्टच्या आधी कोणीही मूळ दराबद्दल प्रश्न विचारला असेल आणि संस्थेने 'बदल नाही' असं उत्तर दिलं असेल, तर वकिलाच्या पत्राला फार अर्थ राहत नाही. कोणी विचारलंच नसेल, तर त्याची बाजू मी वर म्हणालो त्यापेक्षा थोडी जड होते.

---

राजारामपुरीकर | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

इतिवृत्त सल्लागारांकडे आहे. मागितलंय, मिळालं की इथे टाकते.